डिस्चार्ज कार्डाचं पंजाबीत भाषांतर : हार्ट फेल, ‘कल’, आणि दिवसातून दोनदा

गोदाकाठ

नमस्कार. मी नांदेडची. गुरुद्वाऱ्याजवळच्या गल्लीत लहानपण गेलं, त्यामुळे पंजाबी बोलता येतं आणि गुरुमुखी वाचता-लिहिता येते. हुजूर साहिबला दर्शनाला आलेलं कोणी आजारी पडलं की ओळखीतून मला निरोप येतो, तसा गेल्या आठवड्यात आला. संगरूर जिल्ह्यातलं कुटुंब. बापूजी ६८ वर्षांचे, सोबत बीजी आणि सून. रात्रीत धाप वाढली, इथल्या एका रुग्णालयात सहा दिवस ठेवलं आणि गुरुवारी, १३ नोव्हेंबरला सुट्टी. शनिवारी सचखंड एक्सप्रेसनं परत जायचंय.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, दोन पानं. घरी सगळं सून बघणार. तिला गुरुमुखी छान वाचता येते, इंग्रजी औषधाच्या नावापुरतं. मी पंजाबीत उतरवायला घेतलं आणि तीन ठिकाणी हात थांबला.

एक, निदान. कार्डावर ‘हार्ट फेल्युअर’ आहे, पंप ३० टक्के, जुना हार्ट अटॅक, डायबेटिस. मी पहिल्या खर्ड्यात ‘हार्ट फेल्ह’ लिहिलं आणि सुनेला वाचून दाखवलं. तिचा चेहरा पांढरा पडला. आपल्याकडंही ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला असाच अर्थ घेतात, पंजाबीत अगदी तसंच. ती मला विचारते, “पर बापू जी तां बैठे ने?”

दोन, फ्युरोसेमाइड ४०, पुढं ‘बी.डी.’. मी ‘दिन विच दो वार’ लिहिलं. बरोबर आहे ना?

तीन, शेवटची ओळ : ‘बाकी औषधे पूर्वीप्रमाणे चालू ठेवणे. एक आठवड्याने रीनल फंक्शन आणि इलेक्ट्रोलाइट्ससह पुनर्तपासणी.’ बाकी म्हणजे कुठली? आणि तपासणी कुठं, हे तर संगरूरला असणार!

कुणी असं काम केलंय का? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कागद द्यायचाय.

पेन्शनर७२

ताई, मेडिक्लेमसाठी असेल तर साधं भाषांतर चालत नाही. माझ्या मेहुण्याच्या वेळी आम्ही शिक्का असलेला भाषांतरकार शोधला होता. प्रत्येक पानावर सही, शिवाय मूळ कागदाची साक्षांकित प्रत. तुम्ही स्वतः केलेलं कंपनी नाकारेल, मग त्या कुटुंबाची धावपळ होईल.

गोदाकाठ

काका, क्लेमचं नाही. घरी रोज गोळ्या कोण, कधी, किती देणार त्यासाठीचा कागद आहे. मूळ इंग्रजी कार्ड त्यांच्याजवळ राहणारच आहे.

राजाभाऊ

माझं मत. पंजाबात सगळ्यांना हिंदी येतं, हिंदीत करून द्या, काम निम्मं होईल. आणि पंजाबीच हवं तर औषधांची नावंसुद्धा गुरुमुखीत लिहा, म्हणजे सुनेला अडायला नको. १-०-१ ची पद्धत तर देशभर सगळ्यांना कळते.

मोगरा_लुधियाना

राजाभाऊ, एकोणीस वर्षं इथे सासर आहे म्हणून सांगते. हिंदी ऐकून कळतं, पण गावातल्या शाळेत शिकलेल्या बाईला देवनागरी अडखळत वाचावी लागते, आणि अडखळत वाचणारा माणूस शेवटची ओळ वाचत नाही. कागद गुरुमुखीतच हवा. तुमची अर्धी गोष्ट मात्र पटली : गोळीचं नाव तिला उच्चारता यायला हवं, फोनवर डॉक्टरला सांगायचं असतं. म्हणून दोन्ही लिहावं. वर पट्टीवर छापलंय तसं इंग्रजीत, अक्षर न् अक्षर, आणि खाली गुरुमुखीत उच्चार. नुसतं गुरुमुखीत लिहिलं तर पट्टीशी ताडून बघता येत नाही. ‘क्लोपिडोग्रेल’सारखं जोडाक्षरांचं नाव गुरुमुखीत तीन जण तीन प्रकारे लिहितील.

गोदाकाठताई, तुमच्या कागदात ‘कल’ आला असेल तर आधी तो काढा. पंजाबीत ‘कल्ह’ म्हणजे कालही आणि उद्याही. ‘परसों’चं तेच. आपल्याला काल आणि उद्या वेगळे असतात म्हणून हे डोळ्याला दिसतच नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी ‘कल्ह तों अद्धी गोली’ असं नर्सनं तोंडी सांगितलं होतं. दीर म्हणाले कालपासूनच अर्धी होती, म्हणजे आज आपण एक दिली ती चुकली. मी म्हणत होते उद्यापासून. शेवटी वॉर्डात फोन केला. ‘भलके’ म्हटलं तर उद्याच, पण तरुण मुलं तो शब्द कमी वापरतात. सरळ तारीख आणि वार लिहावा.

गोदाकाठ

अगं बाई! आहे ना, ‘नवी गोळी उद्यापासून’ असं डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं मी ‘कल्ह तों’ केलंय. काढते. आणि वार लिहिताना मी ‘गुरुवार’ लिहिलाय.

मोगरा_लुधियाना

कळेल, पण इथे बोलताना ‘वीरवार’ म्हणतात. तोच लिहा. आणि ‘एक आठवड्याने’चं ‘अट्ठां दिनां बाअद’ करू नका. बोलण्यात त्याचा अर्थ आठवडाच होतो, आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तसा, पण कागदावर एखादा बोटं मोजून आठ धरतो. ‘२० नवंबर, वीरवार’ एवढंच पुरे.

अनघा_फिजिशियन

मी छत्रपती संभाजीनगरला मेडिसिनमध्ये आहे, अशी कार्डं रोज लिहिते. त्यामुळे आधी आमची चूक मान्य करते : ‘बाकी औषधे पूर्वीप्रमाणे’ ही ओळ आम्ही घाईत लिहितो आणि तीच सगळ्यात धोक्याची असते.

भाषांतराआधी त्यांच्या पिशवीतली जुनी औषधं टेबलावर ओता आणि एकेक पट्टी कार्डाशी लावून बघा. काय काय आहे ते इथे लिहाल? नवी औषधंही लिहा.

फ्युरोसेमाइडबद्दल. ‘दिन विच दो वार’ भाषेच्या दृष्टीनं अचूक आहे, पण घरचे ते सकाळ आणि रात्र असंच धरणार, कारण बाकीच्या दिवसातून दोनदाच्या गोळ्या तशाच असतात. ही गोळी पाणी काढते. रात्री नऊला दिली तर म्हातारा माणूस रात्रभर संडासाच्या वाऱ्या करतो, अंधारात पडतो, आणि दोन दिवसांत घरचे गोळीच बंद करतात. आम्ही बहुतेक वेळा सकाळी ८ आणि दुपारी ४ असं सांगतो. पण तुम्ही माझ्या शब्दावर ‘चार’ लिहू नका, कार्ड ज्यांनी दिलं त्यांना विचारा.

गोदाकाठ

विचारते. पिशवी ओतली. नवीन कार्डावर : फ्युरोसेमाइड ४०, स्पायरोनोलॅक्टोन २५, मेटोप्रोलॉल २५, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ५० दोन वेळा, डॅपाग्लिफ्लोझिन १०, ॲस्पिरिन ७५, ॲटोरव्हास्टॅटिन ४० ‘एच.एस.’, म्हणजे झोपताना.

घरून आणलेल्या पिशवीत : टेल्मिसार्टन ४०, ग्लिमेपिराइड १, ॲस्पिरिन ७५ दुसऱ्या कंपनीचं, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकच्या दोन पट्ट्या. बीजी म्हणाल्या, “गोडियां दी गोली तां रोज़ खांदे ने.”

अनघा_फिजिशियन

बघा, भाषांतर निर्दोष झालं असतं तरी बापूजी अडचणीत आले असते.

टेल्मिसार्टन आणि नव्या गोळीतलं वाल्सार्टन एकाच जातीची. ‘पूर्वीप्रमाणे’ वाचून दोन्ही दिल्या तर बीपी खाली, मूत्रपिंडावर ताण, आणि स्पायरोनोलॅक्टोन सोबत असल्यामुळे पोटॅशियम वर. ॲस्पिरिन दोन कंपन्यांचं म्हणजे दुप्पट होईल. डायक्लोफेनॅक शरीरात पाणी धरून ठेवतं, हार्ट फेल्युअरमध्ये नकोच. कदाचित धाप वाढायला तेही कारण असेल. ग्लिमेपिराइडचं मला इथून सांगता येणार नाही, नवी डॅपाग्लिफ्लोझिन आलीय आणि शुगर किती होती ते त्यांच्या डॉक्टरांना माहीत.

चारही नावं कागदावर लिहून त्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि प्रत्येकापुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहून घ्या, त्यांच्या अक्षरात, सहीसकट. भाषांतरकारानं यातलं काहीही स्वतः ठरवू नये.

दखनी_सरदार

सत श्री अकाल. मी नांदेडचाच, घरात तीन पिढ्यांपासून मराठी-पंजाबी दोन्ही. ताई, ‘दौरा’ शब्द कुठं वापरलाय का? ‘जुना हार्ट अटॅक’साठी ‘दिल दा दौरा’ ठीक आहे, पण पुढच्या ओळीत नुसतं ‘दौरा पवे तां’ लिहू नका. दौरा म्हणजे फिट पण, झटका पण, आणि डोक्याचा पण. काय झालं तर पळायचं ते लक्षण म्हणून लिहा : लेटल्यावर साह चढतो, पैर सुजतात, छातीत दुखतं, असं.

आणि मराठी माणसाला एक सांगतो. ‘घट्ट’ लिहिताना हात जरा थांबवा. आपला घट्ट म्हणजे दाट, पंजाबी ‘घट्ट’ म्हणजे कमी. ‘लूण घट्ट’ म्हणजे मीठ कमी. लिहिताना तुम्हाला कळेल, पण कुणा मराठी माणसाकडून तपासून घेतलं तर तो नेमकं तेच ‘सुधारून’ देईल.

औषधवाला_सरे

कॅनडातल्या सरे इथे फार्मसीत काम करतो, निम्म्याहून जास्त पेशंट पंजाबी. राजाभाऊंच्या १-०-१ बद्दल. गुरुमुखीत चालतं, पण लाहोरकडचे पंजाबी शाहमुखीत वाचतात, उजवीकडून डावीकडे. तिथे आम्ही एकदा लेबलावर शाहमुखी मजकुरात १-०-० टाइप केलं आणि छापून आलं ०-०-१. सकाळची गोळी रात्री गेली! संगणकाच्या दिशेच्या नियमामुळे आकडे जागच्या जागी उलटतात, टाइप करणाऱ्याची चूक नसते. पेशंटनं स्वतः “रात्री झोप येत नाही” म्हणून विचारलं म्हणून सापडलं. तेव्हापासून आम्ही चौकटी करतो : सवेरे, दुपहिरे, शाम, रात. त्यात गोळ्यांची संख्या आणि वेळ. संगरूरच्या कुटुंबाला ही अडचण येणार नाही, तरीही चौकट बरी, कारण १-०-१ मध्ये चार वाजता कुठे बसतात?

आकडे इंग्रजी ठेवा. गुरुमुखी १ घाईत नऊसारखा दिसतो.

राजाभाऊ

चौकटीचं पटलं. हिंदीबद्दल मी अजून म्हणतो की गावच्या केमिस्टला हिंदी-इंग्रजीच बरं पडेल.

मोगरा_लुधियाना

केमिस्टसाठी इंग्रजी कार्ड आहेच. तिथे एक गंमत नव्हे, अडचण होते. केमिस्ट म्हणतो “साल्ट ओही है, कंपनी दूजी”, तो औषधातल्या मूळ घटकाला साल्ट म्हणतो. आणि कार्डावर लिहिलेलं असतं साल्ट बंद. आमच्या शेजारच्या काकूंनी खरंच विचारलं होतं, की मग गोळीतलं मीठ चालतं का. म्हणून पथ्याच्या ओळीत फक्त ‘लूण’.

‘फिक्का खाणा’ पण नको. इथे फिक्की चाह म्हणजे बिनसाखरेची. शुगर असलेल्या माणसाला ‘फिक्का खाओ’ सांगितलं की घरचे साखर काढतात आणि आंब्याचं लोणचं ताटात राहतं.

अनघा_फिजिशियन

आणि ‘कमी सोडियमचं मीठ’ घेऊ नका हेही लिहायला सांगा डॉक्टरांना. त्यात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते वाढतं. लोक पथ्य म्हणून मुद्दाम तेच आणतात.

गोदाकाठ

शुक्रवारी दुपारी जाऊन आले. डॉक्टर भले होते, वीस मिनिटं दिली. टेल्मिसार्टन बंद, जुनं ॲस्पिरिन बंद (नवं आहेच), डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल. ग्लिमेपिराइड चालू, पण नाश्ता केला तरच. फ्युरोसेमाइड ८ आणि ४, असं त्यांनी स्वतःच कार्डावर लिहून दिलं.

निदानाची ओळ मी अशी केली :

“दिल दी पंप करन दी ताकत घट्ट गई है, इस करके फेफड़ियां ते पैरां विच पाणी भरदा है। दिल बंद नहीं होइआ। कार्ड उत्ते इस नूं हार्ट फेलियर लिखिआ है।”

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं. पंजाबात गेल्यावर डॉक्टर तोच इंग्रजी शब्द उच्चारणार, तेव्हा सुनेला कळलं पाहिजे की हा तोच आजार, नवीन काही झालेलं नाही.

बंद गोळ्यांची वेगळी चौकट, सगळ्यात वर : “एह गोलियां हुण नहीं देणीआं।” त्याखाली पट्टीवरची इंग्रजी नावं. फ्युरोसेमाइडपुढं आधी मी ‘पिशाब दी गोली’ लिहिलं होतं. सून म्हणाली, पण बापूजींना लघवीचा तर काही त्रास नाही. म्हणून “शरीर विच्चों वाधू पाणी कढ्ढण वाली गोली, पिशाब वद्ध आवेगा” केलं.

३० टक्क्यांवर मी अडले आहे. सुनेनं धरलं की ७० टक्के हृदय मेलं. लिहू का वगळू?

अनघा_फिजिशियन

निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. ५५ च्या पुढे असलं की आम्ही ठीक म्हणतो. त्यामुळे ३० ची तुलना १०० शी नाही, ५५-६० शी. हे एक वाक्य घाला आणि आकडा ठेवा.

दखनी_सरदार

मी म्हणतो आकडा वगळा. कागद भिंतीवर लागेल, बापूजी स्वतः वाचतील, पाहुणे वाचतील. गावात ३० टक्क्यांची चर्चा होईल. इंग्रजी कार्डावर आहे ना, डॉक्टरला तेवढं बास.

मोगरा_लुधियाना

मला दोघांचंही पटतं, म्हणून गप्प बसते.

गोदाकाठ

मी दोन कागद केले. गोळ्यांचा आणि लक्षणांचा भिंतीसाठी, त्यात आकडा नाही. निदानाचा वेगळा, फाइलमध्ये, त्यात आकडा आणि अनघाताईंचं वाक्य. बापूजींना न विचारता हे मी ठरवलं, ते बरोबर केलं का, माहीत नाही.

अजून एक राहिलंय. मी डॉक्टरांना पंजाबी कागदावर सही मागितली. ते म्हणाले, जी लिपी मला वाचता येत नाही त्यावर सही कशी करू? त्यांचंही खरं आहे.

औषधवाला_सरे

एकाच पानावर दोन रकाने करा, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे पंजाबी, ओळीला ओळ. त्यांना डाव्या रकान्याखाली सही करता येईल. उजवीकडचं दखनी_सरदारांनी मूळ कार्ड न बघता वाचावं आणि मराठीत तोंडी सांगावं काय कळलं ते. तुम्ही ते इंग्रजीशी लावून बघा. आम्ही असंच करतो.

आणि टाइप करत असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या अनमोल लिपी वगैरे फॉण्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडते. पीडीएफ पाठवा आणि एक छापील द्या.

दखनी_सरदार

आत्ता ताईंकडे बसून वाचलं. एक सापडलं. ‘डेढ लीटर पाणी’ असं होतं. मी वाचलं ते : दीड लिटर पाणी प्यावं. म्हणजे रोज प्यायलाच हवं, असं! मूळ इंग्रजीत आहे दीड लिटरपेक्षा जास्त नको, आणि सगळे द्रव मिळून. आता लिहिलंय “पाणी, चाह, दुद्ध, लस्सी, दाल दी तरी, सब मिला के २४ घंटियां विच डेढ लीटर तों वद्ध नहीं”. पंजाबातला कंगणीवाला ग्लास अर्धा लिटरही भरू शकतो, लस्सीचे तीन ग्लास झाले की दिवस संपला.

गोदाकाठ

हो, आणि त्यावर सुनेनंच उपाय सांगितला. सकाळी दीड लिटर पाणी एका बाटलीत भरून ठेवायचं, बापूजी जे काही पितील तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. बाटली रिकामी, की बास. आम्ही स्टेशनवर विकत घेतलेल्या बाटलीवर तिनं पेननं रेघा मारल्या.

मी तिला कागद वाचून दाखवला नाही. पट्ट्या समोर ठेवल्या आणि म्हणाले, समज आता दुपारचे चार वाजलेत, काय देशील? तिनं बरोबर उचलली. मग विचारलं, तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर? ती हसून म्हणाली, “चंगी गल्ल है, भार वध रिहा, सिहत बण रही है.”

तिथंच समजलं की ती ओळ कागदावर होती, पण पोचली नव्हती. आता आहे : “भार वधणा पाणी भरन दी निशानी है। ३ दिनां विच २ किलो वधे तां उसे दिन डाक्टर नूं फ़ोन।” रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर. रकाना आखून दिलाय, पहिलं वजन ६१.४ किलो, इथल्या काट्यावरचं.

अनघा_फिजिशियन

घरचा काटा वेगळा दाखवेल. घरी पोचल्यावर दुसऱ्या सकाळचं वजन पहिलं धरायचं, नाहीतर काट्याच्या फरकानंच घाबरतील किंवा गाफील राहतील.

गोदाकाठ

बरं झालं सांगितलंत, फोनवर कळवते. ते गाडीत आहेत, भोपाळ गेलंय. सून म्हणाली गाडीत संडास लांब म्हणून बापूजी चारची गोळी नको म्हणत होते, तिनं कागद दाखवला, मग घेतली.

गोदाकाठ

२० तारखेला रक्ततपासणी झाली, त्यांच्या तालुक्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात. रिपोर्टचा फोटो आलाय : पोटॅशियम ४.९, क्रिएटिनिन १.३. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या तशाच ठेवल्या. घरच्या काट्यावर पहिलं वजन ६२.१ होतं, काल ६१.८.

तिथल्या केमिस्टनं सॅक्युबिट्रिलची दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली, त्यावर ५० ऐवजी २४/२६ असं छापलंय. सुनेनं गोळी न देता मला फोटो पाठवला. अनघाताई, हे एकच आहे का? त्या डॉक्टरांना फोन लागत नाहीये.

अनघा_फिजिशियन

एकच. २४ आणि २६ मिळून ५०. काही कंपन्या बेरीज छापतात, काही दोन्ही घटक वेगळे. पण तरी केमिस्टला पट्टी दाखवून ‘कार्डावरची ५० हीच ना’ एवढं विचारायला सांगा, आणि तिच्या कागदावर त्या ओळीत २४/२६ पण लिहायला सांगा.

गोदाकाठ

सांगितलं. तिनं लिहिलं आणि फोटो पाठवला. भिंतीवर, गॅसच्या शेजारी लावलाय.